पंचवीस टक्क्यांचे यील्ड

21 मार्च 2023 रोजी हिंदुस्तान झिंकच्या संचालक मंडळाने वर्षातला चौथा अंतरिम लाभांश जाहीर केला. शेअरमागे 26 रुपये. शेअरचे दर्शनी मूल्य दोन रुपयांचे असल्याने कागदोपत्री हा लाभांश 1,300 टक्के ठरला. आकडा खरा आहे, पण गुंतवणूकदाराला त्याचा काडीचा उपयोग नाही. कारण दोन रुपयांना हा शेअर कोणाला मिळत नव्हता. बाजारात त्याला तीनशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते. दर्शनी मूल्यावर टक्केवारी काढण्याची ही पद्धत जुन्या काळापासून चालत आली आहे. लाभांशाची बातमी वाचताना पहिली गोष्ट करायची ती हीच, की टक्के सोडून द्यायचे आणि रुपये धरायचे.

रुपये धरले की दोन भागाकार करता येतात, आणि या प्रकरणाचा सगळा डोलारा त्या दोन भागाकारांवर उभा आहे. शेअरमागचा वर्षाचा लाभांश भागिले शेअरचा बाजारभाव, हे डिव्हिडंड यील्ड. तोच लाभांश भागिले शेअरमागचा नफा, म्हणजे ईपीएस, हा पेआउट रेशो. वरचा आकडा दोन्हींत तोच आहे. पहिला सांगतो, मी घातलेल्या पैशावर मला किती मिळाले. दुसरा सांगतो, कंपनीने कमावलेल्यातून किती वाटले. बहुतेक लोक पहिला बघतात, कारण तो खिशाशी जोडलेला आहे आणि बँकेच्या व्याजदराशेजारी ठेवून बघता येतो. दुसरा बघायला कंपनीचा निकाल उघडावा लागतो.

हिंदुस्तान झिंकचे ते वर्ष या दोन्ही भागाकारांतून काढून बघू. 2022-23 या आर्थिक वर्षात कंपनीने चार वेळा लाभांश दिला: 21 रुपये, साडेपंधरा रुपये, 13 रुपये आणि शेवटी 26 रुपये. एकूण साडेपंचाहत्तर रुपये. हिशेबाला सोपे जावे म्हणून भाव 300 धरला तर यील्ड 25 टक्क्यांच्या थोडे वर जाते. त्या वेळी मोठ्या बँका मुदत ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास देत होत्या. पंचवीस टक्के म्हणजे चार वर्षांत मुद्दल वसूल आणि शेअर फुकट! शेअर निवडायला मदत करणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर ‘सर्वाधिक यील्ड’ असा क्रम लावला असता, तर हे नाव पहिल्या काही ओळींत आले असते. शेजारी तिची मालक कंपनी वेदांतही असती, कारण तिने त्याच वर्षी शेअरमागे 101 रुपये 50 पैसे वाटले होते.

आता दुसरा भागाकार. हिंदुस्तान झिंकचा त्या वर्षीचा निव्वळ नफा होता 10,511 कोटी रुपये, म्हणजे शेअरमागे 24 रुपये 88 पैसे. वाटले साडेपंचाहत्तर. पेआउट रेशो 303 टक्के. शंभर रुपये मिळवले आणि तीनशे तीन रुपये वाटले.

इथे ज्या वाचकाला ‘हे कायद्यात बसते का?’ असा प्रश्न पडेल, त्याला सांगायला हवे की बसते. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 123 नुसार लाभांश चालू वर्षाच्या नफ्यातून देता येतो, तसाच मागच्या वर्षांच्या न वाटलेल्या, साठलेल्या नफ्यातूनही देता येतो. हिंदुस्तान झिंककडे अशी साठवण भरपूर होती. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यातली रामपुरा आगुचा ही तिची खाण जगातल्या सर्वांत मोठ्या जस्ताच्या खाणींत मोजली जाते, उत्पादनखर्च कमी, आणि वर्षानुवर्षे नफ्यातली रोकड कंपनीच्या गंगाजळीत पडत गेलेली. मात्र पूर्वी ‘सर्वसाधारण राखीव निधी’ या खात्यात वर्ग झालेल्या पैशातून लाभांश द्यायचा तर नियम कडक आहेत. म्हणून कंपनीने त्याच सुमारास त्या खात्यातले दहा हजार कोटींहून अधिक रुपये ‘संचित नफ्या’त वळवण्याची योजना मांडली होती. खात्यांची ही हलवाहलव ताळेबंदाच्या टिपांमध्ये दडलेली असते आणि सहसा कोणी वाचत नाही. पण एखादी कंपनी वाटण्यासाठी जुन्या खात्यांची कुलुपे उघडू लागली, तर येणारा लाभांश चालू कमाईतला नाही, हे त्यातून आधीच कळते.

रुपयांत बघितले तर चित्र आणखी ठळक होते. 422 कोटींहून अधिक शेअर, प्रत्येकी साडेपंचाहत्तर रुपये, म्हणजे सुमारे 31,900 कोटी रुपये एका वर्षात बाहेर गेले. कमाई साडेदहा हजार कोटी. उरलेले एकवीस हजार कोटी कुठून आले, याचे उत्तर ताळेबंदात मिळते. वर्षाच्या सुरुवातीला भागधारकांचा निधी, म्हणजे भांडवल आणि राखीव मिळून, 34,000 कोटींच्या वर होता. वर्षअखेर तो सुमारे 13,000 कोटींवर आला. आणि जी कंपनी रोकड बाळगून असल्याबद्दल ओळखली जात होती, तिच्या वहीत मार्च 2023 अखेर सुमारे 11,800 कोटींचे कर्ज दिसू लागले. थोडक्यात, मुदत ठेव मोडून मुद्दल काढायचे आणि ‘यंदा व्याज चांगले आले’ म्हणायचे, असा हा प्रकार होता. पुढच्या वर्षी व्याज कमी येणार, एवढेच त्यातून निश्चित होते.

हे सगळे कशासाठी, हाही प्रश्न विचारायला हवा, कारण नफ्याच्या तिप्पट वाटप हे सहसा हौसेने होत नाही. हिंदुस्तान झिंकचे त्या वेळी जवळपास 65 टक्के शेअर वेदांतकडे होते, साडेएकोणतीस टक्के भारत सरकारकडे. वेदांतचे दोनतृतीयांशाहून अधिक शेअर लंडनच्या वेदांत रिसोर्सेस या मूळ कंपनीच्या हाती होते. या मूळ कंपनीवर अब्जावधी डॉलरचे कर्ज होते, त्याच्या मुदती जवळ येत होत्या, आणि 2022 नंतर जगभर व्याजदर वाढल्याने जुने कर्ज फेडायला नवे कर्ज स्वस्तात मिळणे अवघड झाले होते. तिच्या हातात स्वतःच्या खाणी नव्हत्या. तिचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः खालच्या कंपन्यांकडून वर येणारा लाभांश. तेव्हा झिंकच्या तिजोरीतला पैसा लाभांशाच्या पायऱ्या चढत वेदांतकडे आणि तिथून लंडनला गेला. त्या वर्षात मूळ कंपनीचे कर्ज सुमारे दोन अब्ज डॉलरनी कमी झाले. सरकारच्याही तिजोरीत आपल्या वाट्याचे नऊ हजार कोटींहून अधिक आले, त्यामुळे लाभांशाला सरकारने हरकत घेण्याचे कारण नव्हते. हरकत घेतली ती दुसऱ्याच गोष्टीला. जानेवारी 2023 मध्ये झिंकच्या मंडळाने वेदांतच्या आफ्रिकेतील जस्ताच्या व्यवसायाला सुमारे 298 कोटी डॉलरमध्ये विकत घेण्याचे ठरवले, तेव्हा सरकारने विरोध केला आणि तो व्यवहार बारगळला. त्या व्यवहारात पैसा फक्त वेदांतलाच मिळणार होता. लाभांश मात्र सर्वांना सारखा मिळतो, हा त्याचा गुण. पण तो किती आणि केव्हा द्यायचा, हे ज्याला पैशाची निकड आहे तो ठरवतो. छोटा भागधारक त्या गाडीत फक्त बसलेला असतो.

आता त्या वाचकाकडे वळू, ज्याने एप्रिल 2023 मध्ये पंचवीस टक्के बघून शंभर शेअर घेतले असे समजू. तीस हजार रुपये गुंतवले, वर्षाला साडेसात हजार येतील असा हिशेब. जुलै 2023 मध्ये कंपनीने 7 रुपये जाहीर केले, डिसेंबरात 6. संपले. 2023-24 चा एकूण लाभांश 13 रुपये, शंभर शेअरांवर तेराशे रुपये, यील्ड साडेचार टक्क्यांहून कमी. बँकेतल्या ठेवीपेक्षा कमी, आणि वर त्यावर प्राप्तिकर. कारण एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवून त्याच्या टप्प्याप्रमाणे करपात्र आहे.

या वाचकाला कोणी फसवले नव्हते. संकेतस्थळावरचा आकडा बरोबर होता, फक्त तो मागच्या बारा महिन्यांचा होता. यील्डच्या रकान्यात दिसते ते जवळजवळ नेहमी असेच: वरती झालेला लाभांश आणि खालती आजचा भाव. झालेल्या गोष्टीला आजच्या किमतीने भागून भविष्याचा अंदाज बांधण्याचे हे काम आहे. लाभांश ठरलेल्या लयीत येत असेल तोवर ते चालते. मधेच एखादा मोठा, एकदाच येणारा लाभांश आला, की पुढचे बारा महिने तो त्या रकान्यात भुतासारखा राहतो, आणि तेरावा महिना लागताच नाहीसा होतो.

पेआउट रेशो पाहिला असता तर हे एप्रिलमध्येच कळले असते का? बऱ्याच अंशी, हो. आणि त्यासाठी भविष्य वर्तवावे लागले नसते, साधा गुणाकार पुरला असता. यील्ड हा खरे तर दोन आकड्यांचा गुणाकार असतो. शेअरमागचा नफा भागिले बाजारभाव, याला कमाईचा दर म्हणू. आणि दुसरा पेआउट रेशो. झिंकच्या बाबतीत 24 रुपये 88 पैशांना 300 ने भागले की 8.3 टक्के. त्याला 303 टक्क्यांनी गुणले की बरोबर ते 25 टक्के मिळतात. म्हणजे 300 रुपयांच्या शेअरवर कंपनी मुळात कमावत होती सव्वाआठ टक्के. सगळाच्या सगळा नफा, एक पैसा मागे न ठेवता, वर्षानुवर्षे वाटला, तरी भागधारकाला सव्वाआठच टक्के देता येतील. त्यावरचे जे काही आहे, ते साठवणीतून किंवा कर्जातून आलेले आहे. कमाईचा दर हे यील्डचे छत आहे. (ज्यांना पी/ई गुणोत्तर पाहायची सवय आहे त्यांच्यासाठी: कमाईचा दर म्हणजे पी/ई उलटा केलेला. बारा पी/ई असेल तर छत सव्वाआठ टक्के, वीस असेल तर पाच.)

या छताला एक पळवाट सुचू शकते: एखादे वर्ष जास्त दिले, पण आधी कमी दिले असेल, तर सरासरी ठीक पडेल. तेही तपासून बघू. 2021-22 मध्ये झिंकने 18 रुपये दिले आणि शेअरमागे 22 रुपये 80 पैशांच्या आसपास कमावले. पुढच्या वर्षी साडेपंचाहत्तर दिले, 24.88 कमावले. 2023-24 मध्ये 13 दिले, 18.36 कमावले. तीन वर्षांत वाटले 106 रुपये 50 पैसे, कमावले सहासष्ट. दोन बेताची वर्षे धरूनही वाटप नफ्याच्या दीडपटीहून अधिक. तीन ते पाच वर्षांचा असा एकत्रित हिशेब एकाच वर्षाच्या पेआउटपेक्षा कितीतरी अधिक सांगतो, आणि तो करायला पाच मिनिटे लागतात.

तिसऱ्या वर्षाच्या आकड्याकडे पुन्हा बघा: नफाही 24.88 वरून 18.36 वर आला. याचे कारण जस्ताचा भाव. 2022 च्या एप्रिलमध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर जस्त टनाला साडेचार हजार डॉलरपर्यंत गेले होते. 2023 च्या मध्यात ते त्याच्या जवळपास निम्म्यावर होते. धातू, कोळसा, तेल, साखर, जहाजवाहतूक अशा भाव चढ-उतारावर चालणाऱ्या धंद्यांत पेआउट रेशो स्वतःच फसवा होतो. तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून पेआउट माफक दिसतो. भाव उतरल्यावर तोच लाभांश नफ्याच्या बाहेर जातो. आणि बाजार शहाणा असला तर भाव उतरण्याआधीच शेअर खाली आणतो. मग मागच्या वर्षीचा मोठा लाभांश, मागच्या वर्षीचाच मोठा नफा आणि आजचा पडलेला भाव, या तिघांनी मिळून यील्ड फुगते. पेआउट चाळीस टक्के, यील्ड बारा टक्के, सगळे कसे छान! अशा धंद्यात सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्यावर पेआउट काढावा, नाहीतर काढूच नये.

या ठिकाणी प्रामाणिकपणे सांगायला हवे की झिंकचा शेअर नंतर बुडाला नाही. चांदीचे भाव वाढले, ही कंपनी देशातली सर्वांत मोठी चांदी उत्पादक आहे, आणि मे 2024 मध्ये तिचा शेअर आठशेच्या घरात गेला. एप्रिल 2023 मध्ये घेतलेल्याला त्याचा फायदाच झाला असता. पण तो फायदा त्याने ज्यासाठी शेअर घेतला त्या कारणाने झाला नसता. लाभांशावर घरखर्च चालवायचा म्हणून शेअर घेतलेल्या निवृत्त माणसाला साडेसात हजारांऐवजी तेराशे मिळाले, हे त्या तेजीने बदलत नाही. उच्च यील्ड म्हणजे कंपनी बुडणार असा त्याचा अर्थ नाही. हा लाभांश असाच चालू राहील अशी खात्री बाजाराला वाटत नाही, एवढाच अर्थ आहे.

बाजाराची ही शंका कधी चुकीचीही ठरते, आणि गुणाकाराचा उपयोग तिथे जास्त होतो. कोल इंडियाचे उदाहरण घ्या. हीच ती कंपनी, जिची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही उपकंपनी नागपुरात आहे आणि चंद्रपूर, वणीच्या खाणी चालवते. 2020-21 मध्ये तिने शेअरमागे 16 रुपये लाभांश दिला, शेअरमागे नफा सुमारे 20 रुपये 60 पैसे. मार्च 2021 अखेर भाव 130 च्या आसपास. यील्ड बारा टक्क्यांच्या वर, म्हणजे वरवर बघता हीही धोक्याची घंटा. पण दोन भाग वेगळे करा: पेआउट 78 टक्के, कमाईचा दर जवळपास सोळा टक्के. यील्ड छताच्या बरेच खाली. लाभांश कमाईतूनच येत होता, तोही टाळेबंदीच्या वर्षातल्या कमाईतून. यील्ड मोठे दिसत होते ते भाव पडलेला होता म्हणून. आणि भाव पडला होता तो कोळशाला भवितव्य नाही, सरकार पुन्हा शेअर विकायला काढेल, वीज कंपन्यांची थकबाकी वाढते आहे, अशा शंकांमुळे. शंका खोट्या नव्हत्या. पण बाजाराने त्यांना दिलेले वजन जास्त होते. पुढच्या वर्षी कंपनीने 17 रुपये दिले, त्याच्या पुढच्या वर्षी सव्वाचोवीस.

म्हणजे बारा टक्क्यांचे आणि पंचवीस टक्क्यांचे, दोन्ही यील्ड भीतिदायक दिसतात, पण त्यांची दुखणी वेगळी. एकात लाभांश नफ्यापेक्षा मोठा, दुसऱ्यात भाव नफ्याच्या मानाने लहान. पहिल्यात प्रश्न विचारायचा, पैसा कुठून आला. दुसऱ्यात प्रश्न विचारायचा, हा नफा टिकेल का. पहिल्याचे उत्तर ताळेबंदात असते आणि ते निश्चित मिळते. दुसऱ्याचे उत्तर धंद्यात असते आणि तिथे माणसाला आपले मत बनवावे लागते, चुकायची तयारी ठेवून.

पेआउट रेशोचीही एक बाजू लंगडी आहे. त्याच्या खालचा आकडा नफा आहे, आणि नफा हा हिशेबनीसाने काढलेला आकडा असतो. लाभांश मात्र बँकेतून, रोख द्यावा लागतो. ब्रिटनच्या व्होडाफोनचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे, आणि त्यात आपल्या देशाचाही हात आहे. 2018 च्या सुरुवातीपासून तिचा शेअर घसरत गेला आणि 15 युरो सेंटचा लाभांश मात्र जागेवर राहिला, तेव्हा यील्ड नऊ टक्क्यांच्या पुढे गेले. व्यवस्थापनाने लाभांश राखण्याचा इरादा सांगितला होता. इटली आणि स्पेनमध्ये स्पर्धेने दर पडलेले, 5जी लहरींसाठी लिलावात अब्जावधी युरो मोजलेले, जर्मनी आणि इतर काही देशांतला केबल व्यवसाय घेण्याचा 18 अब्ज युरोंचा सौदा समोर. मे 2019 मध्ये कंपनीने 7.6 अब्ज युरोंचा तोटा जाहीर केला. त्यात भारतातला व्यवसाय आयडियामध्ये विलीन करताना झालेल्या तोट्याचाही मोठा वाटा होता. आणि लाभांश 15 वरून 9 सेंटवर आणला.

तोटा असताना पेआउट रेशो निघतच नाही, उणे येतो. मग व्होडाफोनच्या भागधारकाने काय बघायचे होते? भारतातला तोटा कागदावरचा होता, त्यामुळे त्या दिवशी तिजोरीतून काही गेले नव्हते. तिजोरीतून जात होते ते लहरींच्या लिलावाचे आणि नेटवर्कचे पैसे, आणि ते नफातोटा पत्रकात एका फटक्यात दिसत नाहीत. घसाऱ्याच्या रूपाने अनेक वर्षांवर पसरतात. म्हणून अशा भांडवलखाऊ धंद्यांत लाभांशाला नफ्याने नव्हे, तर हातात उरणाऱ्या रोकडीने भागायचे: धंद्यातून आलेली रोकड वजा यंत्रे, जागा, परवाने यांवरचा खर्च. वार्षिक अहवालातल्या रोकड प्रवाहाच्या पत्रकात हे दोन्ही आकडे मिळतात. त्याच पत्रकाच्या तिसऱ्या भागात, ‘वित्तपुरवठा’ या मथळ्याखाली, घेतलेले कर्ज आणि दिलेला लाभांश एकाच रकान्यात, काही ओळींच्या अंतराने छापलेले असतात. एकाच वर्षी दोन्ही आकडे मोठे असतील, तर लाभांशाचा काही भाग बँकेच्या पैशाने दिला गेला आहे असे समजायला हरकत नाही. शेअर बाजाराविषयी काहीही न वाचणाऱ्या माणसालाही एवढे दोन आकडे शोधता येतात, आणि माझ्या मते शिफारशींच्या दहा अहवालांपेक्षा ते जास्त कामाचे आहेत.

एका बाबतीत मात्र शंभराहून अधिक पेआउट पाहून घाबरायचे कारण नाही. रीट आणि इन्व्हिट या प्रकारात वाटण्याजोग्या रोकडीपैकी किमान नव्वद टक्के वाटणे सेबीच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि इमारतींचा घसारा वजा होऊन नफा लहान दिसतो. तिथे नफ्यावर पेआउट काढणे हेच चुकीचे. पण तिथेही मिळालेल्या रकमेतला किती भाग भांडवलाची परतफेड आहे हे पाहावे. रस्त्याच्या टोलवर चालणाऱ्या इन्व्हिटमध्ये तो भाग मोठा असू शकतो, कारण टोलची मुदत संपली की मालमत्ताही संपते.

आणखी एक गैरसमज रेकॉर्ड डेटच्या तोंडावर दरवर्षी नव्याने उगवतो. 26 रुपये मिळणार आहेत, मग आदल्या दिवशी शेअर घ्या, लाभांश खिशात घाला आणि दुसऱ्या दिवशी विका. कंपनीतून 26 रुपये बाहेर गेले की शेअरची किंमतही साधारण तेवढीच उतरते, कारण ते 26 रुपये आता कंपनीत नाहीत. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला त्यातले आठेक रुपये सरकारला द्यावे लागतात. भाव 26 ने पडला, हाती आले 18. हा उद्योग दलालाला सोडून कोणाला परवडत नाही.

मग किती यील्डला ‘फार’ म्हणायचे? ठराविक आकडा सांगणे धोक्याचे, कारण तो देशाच्या व्याजदराबरोबर हलतो. तरी भारतात निफ्टीतल्या कंपन्यांचे एकत्रित यील्ड दीड टक्क्याच्या आगेमागे असते, हे लक्षात ठेवावे. सरकारी कंपन्यांचे बरेच वर असते, कारण नफ्याच्या किमान तीस टक्के लाभांश द्यावा असे सरकारचेच धोरण आहे. या पार्श्वभूमीवर एखादी कंपनी सरकारी रोख्यापेक्षा जास्त यील्ड दाखवत असेल, तर खरेदी करण्याआधी गुणाकार उलगडून बघावा. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यातल्या पहिल्या हजार कंपन्यांना लाभांशाचे धोरण आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागते. बहुतेकांची भाषा गुळगुळीत असते, पण काहींनी नफ्याच्या किती टक्के वाटणार हे स्पष्ट लिहिलेले असते. तो टक्का घ्या, गेल्या पाच वर्षांच्या सरासरी ईपीएसला लावा आणि आजच्या भावाने भागा. जे यील्ड येईल, त्यावर घरखर्चाचे गणित मांडा. संकेतस्थळाच्या रकान्यातला आकडा याच्या दुपटीहून अधिक असेल, तर वरचा फरक पुढच्या वर्षी मिळणार नाही असे गृहीत धरून चाला.